जंतांची गोळी: किती, कधी आणि घेतल्यावर काय होतं



कोपर गावठाणातल्या आणि स्टेशनलगतच्या चाळींमधल्या आमच्या बचत गटांच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब संपला की मुलांच्या तब्येतीचा विषय निघतो. फेब्रुवारी आणि ऑगस्ट आला की एकच विषय असतो, जंतांची गोळी. कुणी म्हणतं, गेल्या वेळी दिली होती, आता परत कशाला? कुणी म्हणतं, गोळी दिली पण जंत काही पडले नाहीत, म्हणजे गोळी बोगस. कुणाच्या घरी आजी दर महिन्याला औषध द्यायला सांगतात. या सगळ्याचं उत्तर एका गोष्टीत आहे, ती आज नीट समजून घेऊ.

ती गोष्ट अशी. ही गोळी आज आतड्यात असलेल्या जंतांवर काम करते. उद्या नवे जंत पोटात जाऊ नयेत याची काळजी ती घेत नाही. ती लस नाही, झाडू आहे. आज झाडून घेतलं की घर स्वच्छ होतं, पण दार उघडं राहिलं तर धूळ पुन्हा येणारच. गोळी किती द्यायची, पुन्हा कधी द्यायची आणि नंतर काय होतं, हे सगळं यावरूनच ठरतं.

आधी जंत पोटात येतात कसे ते पाहू. गोड खाल्ल्याने जंत होतात असं आपण लहानपणापासून ऐकलं आहे. तसं नाही. गोल जंत, म्हणजे ते गांडुळासारखे दिसणारे, त्यांची अंडी जंत असलेल्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात. ती इतकी बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. उघड्यावरच्या शौचातून किंवा फुटलेल्या गटारातून ती मातीत मिसळतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी तयार झाली की मातीच्या हाताने, न धुतलेल्या भाजीतून किंवा खाली पडलेल्या खाऊतून मुलाच्या पोटात जातात. पोटात गेलेल्या अंड्याचा अंडी घालणारा मोठा जंत व्हायला दोन ते तीन महिने लागतात. दुसरे असतात आकडीसारख्या तोंडाचे, त्यांना हुकवर्म म्हणतात. त्यांची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. हे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात आणि मूल पांढरं पडत जातं. तिसरे चाबकाच्या आकाराचे, तेही मातीतल्या अंड्यांतूनच येतात.

यातली एक गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. हे जंत पोटातल्या पोटात पिल्लं घालून वाढत नाहीत. त्यांची अंडी शौचावाटे बाहेरच पडतात. म्हणून पोटातला प्रत्येक जंत हा बाहेरून वेगळा आत आलेला असतो. दोन-चार जंत असतील तर मुलाला काही जाणवतही नाही. त्रास होतो तो संख्या वाढली की. मग भूक मंदावते, पोट दुखतं, वजन वाढत नाही, रक्त कमी होतं.

आता गोळीकडे येऊ. तिचं नाव अल्बेंडाझोल. शाळेत आणि अंगणवाडीत मिळते ती ४०० मिलिग्रॅमची, चावून खायची गोळी. देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात. १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना या दिवशी ती फुकट दिली जाते. ठरलेले दिवस १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. एखाद्या वर्षी तारीख पुढेमागे होते, म्हणून अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना विचारून घ्यावं. शाळेत न जाणाऱ्या मुलांनाही अंगणवाडीत गोळी मिळते.

वयाप्रमाणे हिशोब सोपा आहे. एक वर्ष पूर्ण झालेल्या पण दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अर्धी गोळी. दोन वर्षांपासून पुढे १९ वर्षांपर्यंत एक पूर्ण गोळी. एक वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायची नाही. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला गोळी कधीही अख्खी द्यायची नाही. दोन चमच्यांमध्ये दाबून तिची पूड करायची आणि थोड्या पाण्यात कालवून पाजायची. तीन वर्षांवरच्या मुलाने गोळी नीट चावून खायची आणि वर पाणी प्यायचं.

पूड करायला का सांगतात? लहान मुलाच्या घशात गोळी अडकू शकते. रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून, तोंड उघडून गोळी ढकलणं तर सगळ्यात धोक्याचं. औषधापेक्षा हा घशात अडकण्याचा धोका मोठा आहे. मूल रडत असेल तर आधी शांत करा. तरीही घेत नसेल तर त्या दिवशी राहू द्या, नंतर देता येते.

एक प्रश्न आम्हाला नेहमी येतो. तीन वर्षांच्या पोराला आणि पंधरा वर्षांच्या मुलीला सारखीच गोळी कशी? तापाचं औषध तर वजनावर देतात. याचं कारण असं की जंतांसाठी या औषधाला काम करायचं असतं आतड्यातच. रक्तात त्याचा फार थोडा भाग जातो. आतड्यातल्या जंतांना ते अन्नातली साखर घेऊ देत नाही. जंतांची उपासमार होते, ते ढिले पडतात आणि शौचावाटे निघून जातात. म्हणून मोठ्या मुलालाही एकच गोळी पुरते.

आता एका घरातला हिशोब वर्षभराचा मांडून पाहू. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीला तीन मुलं. मोठी आठ वर्षांची, तिसरीत शिकते. मधला अडीच वर्षांचा, अंगणवाडीत जातो. धाकटी चौदा महिन्यांची.

१० फेब्रुवारीला मोठीने शाळेत दुपारच्या जेवणानंतर बाईंसमोर एक गोळी चावून खाल्ली. ही गोळी घरी पाठवत नाहीत, समोरच खायला लावतात, ते बरंच आहे. धाकटीला अंगणवाडीत अर्धी गोळी पूड करून दिली. मधल्याला त्या दिवशी ताप होता. अंगणवाडी ताईंनी त्याला गोळी दिली नाही. आजारी मुलाला त्या दिवशी गोळी द्यायची नसते. गोळीने ताप वाढेल म्हणून नव्हे. उद्या ताप चढला, उलटी झाली तर ती आजाराची की गोळीची हे कळणार नाही आणि खऱ्या आजाराकडे दुर्लक्ष होईल. राहिलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी आणखी एक दिवस ठरवलेला असतो. मधला तोवर बरा झाला होता, त्याला तेव्हा एक पूर्ण गोळी पूड करून मिळाली.

त्या संध्याकाळी मोठीचं पोट दुखलं, मळमळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शौचात दोन लांब जंत पडले. मैत्रीण घाबरून आली. आम्ही तिला सांगितलं की जिच्या पोटात जंत जास्त, तिलाच असा त्रास होण्याची शक्यता जास्त. जंत मरताना, सुटताना पोट थोडं दुखतं, मळमळतं, एखादी उलटी किंवा पातळ शौच होते, डोकं दुखतं, थकवा येतो. हे बहुधा एका दिवसात आपोआप थांबतं. मुलीला सावलीत आडवं होऊ दिलं, पाणी आणि साधी पेज दिली. दुसऱ्या दिवशी ती खेळायला गेली.

धाकट्या दोघांच्या शौचात काहीच दिसलं नाही. म्हणजे गोळी वाया गेली का? नाही. एक तर त्यांच्या पोटात जंत नसतील. किंवा असतील तर बारीक असतील. गोल जंत वीतभर लांब असतो म्हणून दिसतो. हुकवर्म जेमतेम एक सेंटिमीटरचा, शौचात तो ओळखू येत नाही. शिवाय जंत पडलेच तर एकदम पडतात असं नाही, दोन-तीन दिवसांत निघून जातात. जंत दिसणं ही गोळीची परीक्षा नव्हे.

महिनाभराने घरातल्या आजी म्हणाल्या, मोठी झोपेत दात खाते, तोंडावर पांढरे चट्टे आहेत, जंत परत झाले, मेडिकलमधून बाटली आणा. दात खाणं हे जंतांचं लक्षण नाही, जंत नसलेली मुलंही दात खातात. तोंडावरचे पुसट पांढरे चट्टे बहुतेक वेळा कोरड्या कातडीचे असतात. आणि महिन्याभरात मातीतून आत गेलेल्या अंड्यांचे मोठे जंत झालेलेच नसतात. गोल जंताची पिल्लं आधी आतड्यातून निघून फुप्फुसापर्यंत फिरून येतात, त्या फिरतीवरच्या पिल्लांवर ही एक गोळी चालत नाही. म्हणून दर महिन्याला औषध पाजण्यात अर्थ नाही.

मग सहा महिनेच का? कारण सहा महिन्यांत पुन्हा आत गेलेली अंडी मोठी होतात, जंतांची संख्या त्रास देण्याइतकी वाढायला लागते. तेवढ्यात पुन्हा झाडून घ्यायचं. जिथे फार जणांना जंत असतात तिथे वर्षातून दोनदा आणि जिथे कमी तिथे एकदा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आपल्याकडे जेव्हा जेव्हा मोहीम असेल तेव्हा तेव्हा द्यायची, मध्ये आपल्या मनाने नाही.

त्या घरात १० ऑगस्टला काय झालं ते पाहा. मोठीला पुन्हा एक गोळी. मधला तीन वर्षांचा झाला होता, त्याने चावून खाल्ली. धाकटी वीस महिन्यांची, तिला पुन्हा अर्धीच. पुढच्या फेब्रुवारीत ती सव्वीस महिन्यांची होईल, तेव्हा तिला पूर्ण गोळी, पण पूड करून. प्रत्येक वेळी त्या दिवसाचं वय पाहायचं, मागच्या वेळी किती दिली होती ते नाही.

बाटलीबद्दलही सांगतो. मेडिकलमध्ये अल्बेंडाझोलची १० मिलिलिटरची छोटी बाटली मिळते. साधारण अख्ख्या बाटलीत ४०० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे एक गोळी. एक ते दोन वर्षांच्या बाळाला तिच्यातलं निम्मं, ५ मिलिलिटर. लेबलवर एकदा वाचून घ्या. काही गोळ्यांत आणि बाटल्यांत अल्बेंडाझोलबरोबर आयव्हरमेक्टिन हे दुसरं औषध मिसळलेलं असतं. लेबलवर दोन नावं दिसली तर लहान मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. घरी बाटली दिली असेल तर शाळेत तसं कळवा, म्हणजे दोन दिवसांत दोनदा जाणार नाही.

एका बाबतीत मात्र सहा महिन्यांचा नियम लागू नाही. मुलाला रात्री शौचाच्या जागी खाज सुटते, ते झोपेत चुळबुळ करतं, आणि टॉर्च लावून पाहिलं तर दोऱ्याच्या तुकड्यासारखे बारीक पांढरे कृमी वळवळताना दिसतात. हे वेगळे. यांची मादी रात्री बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते. मूल खाजवतं, अंडी नखात जातात, नखातून तोंडात, आणि चादरीवरून भावंडांच्या हाताला. गोळी मोठ्या कृमींना मारते, पण अंडी उरतात. म्हणून यांच्यासाठी पहिल्या गोळीनंतर दोन आठवड्यांनी दुसरी द्यावी लागते, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यावी लागते. हे डॉक्टरांना दाखवून करा, कारण घरात गरोदर बाई किंवा वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. बरोबरीने नखं कापा, सकाळी उठल्यावर लगेच अंघोळ घाला, चड्डी आणि चादर गरम पाण्यात धुवा. नाहीतर दुसरी गोळीही फुकट जाते.

आता भीतीबद्दल. ऑगस्ट २०१८ मध्ये गोवंडीत पालिका शाळेतली १२ वर्षांची एक मुलगी गेली. शाळेत वाटलेल्या गोळ्यांनी ती गेली अशी बातमी वस्तीत पसरली आणि घाबरलेल्या आईबापांनी शेकडो मुलांना रुग्णालयात आणलं. मुलांना तपासलं. त्या मुलीच्या शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात क्षयरोगाचं कारण पुढे आलं. या घटनेवरून आम्हाला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एका मुलाला मळमळलं की शेजारच्या दहा मुलांना मळमळायला लागतं, भीतीनेही पोट दुखतं. म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवा की थोडं पोट दुखेल आणि थांबेल. आणि दुसरं, आधीपासून आजारी असलेल्या, औषध चालू असलेल्या मुलाबद्दल शिक्षकांना आणि अंगणवाडी ताईंना आपणच सांगायचं. त्यांना ते कळायला दुसरा मार्ग नसतो.

विशेषतः ज्या मुलाला पूर्वी फिट आली आहे त्याला आधी डॉक्टरांना दाखवा. क्वचित एखाद्याच्या मेंदूत वेगळ्या कृमीच्या गाठी असतात, तिथे या औषधाने फिट येऊ शकते. मोठ्या मुलींमध्ये कुणी गरोदर असेल तर पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घ्यायची नाही.

थांबायचं कधी आणि धावायचं कधी, हेही लक्षात ठेवा. थोडी पोटदुखी, मळमळ, एक-दोन पातळ शौच, यासाठी थांबा, पाणी द्या. उलट्या थांबत नाहीत, पोट फुगून कडक झालं आहे, शौच आणि वारा दोन्ही बंद आहे, तर लगेच निघा. फार जंत असले तर त्यांचा गोळा आतड्यात अडकू शकतो, आणि हे गोळी न घेतलेल्या मुलातही होतं. अंगावर पुरळ उठून दम लागला, ओठ सुजले, फिट आली, तरीही वेळ घालवू नका. डोंबिवली पश्चिमेला महापालिकेचं शास्त्रीनगर रुग्णालय आपल्याला जवळचं आहे. जाताना गोळी किती वाजता दिली ते सांगा आणि बाटली दिली असेल तर सोबत न्या. गोळी दिल्याबरोबर मूल ओकलं तर लगेच दुसरी देऊ नका, जिने दिली त्या ताईंना किंवा बाईंना सांगा.

एक मर्यादाही सांगायला हवी. गोल जंतांवर ही एक गोळी फार छान चालते, हुकवर्मवर बऱ्यापैकी, पण चाबकासारख्या जंतांवर एका गोळीने कमीच परिणाम होतो. म्हणून गोळ्या वेळच्या वेळी घेऊनही मूल पांढरं दिसत असेल, वजन वाढत नसेल, तर तिसरी-चौथी गोळी आपल्या मनाने देण्याऐवजी शौचाची आणि रक्ताची तपासणी करून घ्या. कारण जंत नसून दुसरंच असू शकतं.

आणि आता ते उघडं दार. आपल्याकडे पावसाळ्यात खाडीचं आणि गटाराचं पाणी गल्लीत येतं आणि जाताना चिखल ठेवून जातं. मुलं त्यातच खेळतात. त्या दिवसांत पायात चप्पल हवीच, शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात हवेत, नखं कापलेली हवीत. रुळालगत नाल्याच्या पाण्यावर वाढवलेली पालेभाजी बाजारात येते. ती एकदा पाण्यात बुडवून काढली की धुतली असं होत नाही, कारण ही अंडी पानाला चिकटून बसतात. पानं सुटी करून दोन-तीन पाण्यांत चोळून धुवायची आणि शिजवून खायची. शिजवल्याने अंडी मरतात. कच्चा कोशिंबिरीचा कांदा, गाजर, काकडी यांची साल काढून घ्यायची.

आमच्या गटात आम्ही आता एक साधी गोष्ट करतो. बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक घरातल्या मुलाचं नाव, जन्मतारीख आणि गोळीची तारीख लिहितो. अर्धी की पूर्ण तेही लिहितो. कुणाची राहिली ते बैठकीतच कळतं आणि राहिलेल्यांच्या दिवशी त्या मुलाला अंगणवाडीत नेता येतं. तुमच्याकडेही वही असेलच, शेवटचं पान रिकामं असेल तर आजच आखून ठेवा.